पैसे चोरले, की काढून घेतले? माहिती तंत्रज्ञान कायदा आणि फसवल्या गेलेल्या माणसाची तक्रार

आजचा विषय वकिलाचा आहे आणि मी वकील नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण निवृत्तीनंतर आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात अशी प्रकरणं इतकी यायला लागली, की मला कायदा उघडून वाचावा लागला. आणि वाचताना लक्षात आलं, की या कायद्याच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो आमच्याच विषयातला जुना प्रश्न आहे. संमती म्हणजे काय? माणसानं फसून "हो" म्हटलं, तर ते "हो" धरायचं का?

हा प्रश्न हवेतला नाही. तुमचे पैसे कोणत्या दाराने परत मिळू शकतात, हे त्याच्या उत्तरावर ठरतं.

आधी कायद्याचा सांगाडा सांगतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० सालचा आहे, १७ ऑक्टोबर २००० पासून तो अमलात आला. मुळात तो व्यापारासाठी केला होता. इलेक्ट्रॉनिक सहीला मान्यता द्यायची, कागदाऐवजी संगणकावरचा दस्तऐवज चालवून घ्यायचा, असा हेतू. गुन्ह्यांची बरीचशी कलमं नंतर, २००८ च्या दुरुस्तीने आली, आणि ती दुरुस्ती २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली. म्हणून कलमांचे आकडे असे ६६ ब, ६६ क, ६६ ड असे शेपट्या लावलेले दिसतात. त्यातलं ६६ अ आता नाही. समाजमाध्यमांवरच्या लिखाणासाठी अटक करता येणारं ते कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये, श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलं. तरी अजून कुणीतरी त्याच कलमाची धमकी देतंच. कुणी दिली तर खुशाल हसा.

आता मला आवडलेली जागा. कलम ४३ आणि कलम ६६ शेजारी ठेवून वाचा. ४३ म्हणतं: मालकाच्या परवानगीशिवाय कुणाच्या संगणकात शिरलात, त्यातली माहिती काढलीत, व्हायरस सोडलात, तर नुकसानभरपाई द्यावी लागेल. इथे तुरुंग नाही, फक्त भरपाई. ६६ म्हणतं: हीच कृत्यं अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलीत, तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कृत्य तेच, हात तेच, फक्त मन वेगळं. मन बदललं की दिवाणी बाब फौजदारी होते. आणि मोबाइलही या कायद्याच्या दृष्टीने संगणकच आहे, हे विसरू नका.

फसवणुकीच्या प्रकरणात पोलीस मुख्यतः आणखी दोन कलमं लावतात. ६६ क म्हणजे ओळखचोरी. तुमचा पासवर्ड, इलेक्ट्रॉनिक सही किंवा तुमची ओळख पटवणारी एखादी खूण दुसऱ्याने कपटाने वापरणे. ६६ ड म्हणजे संगणक किंवा फोन वापरून तोतयेगिरीने फसवणे. "मी बँकेतून बोलतोय", "मी वीज कार्यालयातून बोलतोय", हे सगळं इथे येतं. दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड.

(श्रोत्यांतून: सर, आयुष्यभराची पुंजी गेली आणि शिक्षा फक्त तीन वर्षं?)

बरोबर बोललात. आणि त्यावर कडी म्हणजे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेले या कायद्यातले गुन्हे कलम ७७ ब प्रमाणे जामीनपात्र आहेत. दखलपात्र आहेत, म्हणजे पोलिसांना न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करता येतो, पण आरोपीला जामीन हा हक्क म्हणून मिळतो. म्हणूनच फिर्यादीत नुसतं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम असू नये. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. तिचं कलम ३१८ (४), म्हणजे आपलं जुनं चारशे वीस, त्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे आणि ते अजामीनपात्र आहे. तोतयेगिरीसाठी ३१९ (२), पाच वर्षांपर्यंत. फिर्यादीची प्रत हातात आली की ही कलमं त्यात आहेत का, एवढं पाहून घ्यावं.

आता एक प्रकरण घेऊ. हे मी रचलेलं आहे, पण यातला एकही तुकडा मी न ऐकलेला नाही. साताऱ्यातल्या एक निवृत्त शिक्षिका, त्यांना आपण बाई म्हणू. शनिवारी संध्याकाळी सात वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप येतो: मागचं बिल भरलेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा. बाई फोन करतात. समोरचा अतिशय आदबीने बोलतो, "मॅडम, तुमचं बिल भरलेलं दिसतंय, फक्त अपडेट झालेलं नाही," असं म्हणून एक फाइल पाठवतो. नाव बिल अपडेट, शेवटी .apk. बाई ती उघडतात, येईल त्या चौकटीत "अलाउ" दाबतात, आणि तेरा रुपये भरायचे म्हणून कार्डाचा तपशील घालतात. ओटीपी त्यांनी कुणालाही सांगितलेला नाही. सांगायची गरजच उरली नाही, कारण त्या अ‍ॅपला एसएमएस वाचायची परवानगी त्यांनीच दिली होती. सव्वासात ते साडेसात या पंधरा मिनिटांत खात्यातून तीनदा पैसे जातात: ९५,०००, मग ६०,०००, मग ३०,०००. एकूण १ लाख ८५ हजार.

आता बाईंनी काय करावं? बँक बंद आहे. मुलगा पुण्याला. बहुतेक लोक या क्षणी दोन चुका करतात. एक, लाजेनं ते अ‍ॅप आणि ते सगळं चॅट पुसून टाकतात. तोच तर पुरावा. दुसरी, बँकेचा नंबर गूगलवर शोधतात आणि तिथे पेरून ठेवलेल्या दुसऱ्याच भामट्याच्या नंबरवर फोन करतात. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो, पासबुकावर असतो. तोच घ्यायचा.

बाईंनी फोन एअरप्लेन मोडवर टाकला, म्हणजे अ‍ॅपला बाहेर काही पाठवता येईना. शेजाऱ्यांचा फोन घेऊन आधी बँकेच्या नंबरवर कार्ड, यूपीआय आणि नेटबँकिंग बंद करायला सांगितलं आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घेतला. मग १९३० लावला.

१९३० हा केंद्रीय गृहमंत्रालयाच्या यंत्रणेचा नंबर आहे. आधी तो १५५२६० होता, २०२१ मध्ये सुरू झाला. फोन आपल्याच राज्याच्या पोलिसांकडे लागतो. तिथे विचारतात: तुमची बँक आणि खातं कोणतं, पैसे कधी गेले, किती गेले, आणि व्यवहाराचा क्रमांक काय. हा शेवटचा, यूटीआर किंवा ट्रान्झॅक्शन क्रमांक, फार महत्त्वाचा. यूपीआय व्यवहारात तो बारा आकडी असतो. एसएमएसमध्ये किंवा खातेउताऱ्यात तो मिळतो. तीन व्यवहार असतील तर तीन क्रमांक. "एक लाख पंच्याऐंशी हजार गेले" एवढं सांगून भागत नाही, कारण यंत्रणेत प्रत्येक व्यवहाराचा माग वेगळा काढला जातो.

आतमध्ये काय होतं, ते सांगतो. पोलिसांनी नोंद केली, की ती बाईंच्या बँकेच्या पडद्यावर दिसते. बँक पाहते, पैसे कोणत्या बँकेत, कोणत्या खात्यात गेले. पैसे तिथेच पडून असतील तर ती दुसरी बँक तेवढी रक्कम अडवून ठेवते. पुढे सरकले असतील, तर नोंद तिसऱ्या बँकेकडे जाते. म्हणजे ही शर्यत आहे. भामटे पैसे एका खात्यात ठेवतच नाहीत. कमिशनवर भाड्याने घेतलेली खाती असतात, कधी एखाद्या कॉलेजच्या पोराचं, कधी मजुराचं. त्यांतून पैसे फुटत फुटत जातात, आणि शेवटी एटीएममधून रोख निघतात किंवा आभासी चलनात बदलतात. तिथे माग संपतो. म्हणून पहिले एक-दोन तास मोलाचे.

आपल्या प्रकरणात समजा असं झालं: ३०,००० पहिल्याच खात्यात सापडले, अडवले. ६०,००० पुढच्या खात्यात गेले होते, त्यातले ४२,००० अडवले. ९५,००० रोखीने निघून गेले. म्हणजे ७२,००० अडकून आहेत आणि १ लाख १३ हजार गेलेले आहेत. या दोन रकमांचे रस्ते इथून वेगळे होतात, म्हणून हे आकडे लक्षात ठेवा.

१९३० वर बोलणं झालं की बाईंना एसएमएसने पोचक्रमांक येतो. काम इथे संपलं असं लोकांना वाटतं. संपत नाही. तो क्रमांक घेऊन cybercrime.gov.in या संकेतस्थळावर चोवीस तासांच्या आत संपूर्ण तक्रार भरायची: घडलेली हकिकत, निरोपाचे स्क्रीनशॉट ज्यात समोरच्याचा नंबर दिसतो आहे, खातेउतारा, ओळखपत्र. हकिकत घड्याळाप्रमाणे लिहा. सात वाजता निरोप, सात वाजून पाच मिनिटांनी फोन, असं. "मला फसवण्यात आले असून कडक कारवाई व्हावी" हे वाक्य प्रत्येक तक्रारीत असतं आणि त्याचा तपासाला काडीचाही उपयोग नसतो.

आणि आता एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त सांगायची होती. संकेतस्थळावरची तक्रार म्हणजे आपोआप एफआयआर नव्हे. ती पोलिसांकडे पोचते, एफआयआर करायचा की नाही हे तिथे ठरतं. म्हणून सोमवारी सकाळी कागद घेऊन ठाण्यात जायचं. "हे आमच्या हद्दीत नाही, सायबर ठाण्यात जा" असं सांगितलं, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ लक्षात ठेवा. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, खबर नोंदवून घ्यायलाच हवी. यालाच झीरो एफआयआर म्हणतात. ईमेलसारख्या मार्गानेही खबर देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. ठाण्याने नकारच दिला, तर लेखी अर्ज पोलीस अधीक्षकांकडे, आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे.

कधी कधी सांगतात, "साहेब इन्स्पेक्टर नाहीत, त्यामुळे घेता येत नाही." अर्धं खरं आहे. कलम ७८ प्रमाणे या कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. पण तपास वेगळा आणि खबर नोंदवणं वेगळं.

एफआयआरचा उपयोग काय? अडकलेले ७२,००० बँक आपण होऊन बाईंना देऊन टाकत नाही. साधारणतः त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. पोलिसांचा अहवाल, त्यात कोणत्या खात्यात किती रक्कम अडवली आहे याचा तपशील, आणि बाईंचा अर्ज. आदेश मिळाला की बँक रक्कम वळती करते. आठवडे लागतात, कधी महिने. तपास अधिकाऱ्याकडून त्या खात्यांची यादी मिळवणं हे या सगळ्यातलं सर्वांत कंटाळवाणं काम आहे, आणि तेच न केल्यामुळे अडवलेले पैसे पडून राहतात. (जाता जाता: या अडवण्याचा फटका निरपराध माणसालाही बसतो. भामट्याने त्या पैशांतून किराणा घेतला आणि दुकानदाराचं खातं गोठलं, असं होतं. त्या दुकानदाराने विक्रीचं बिल घेऊन तपास अधिकाऱ्याकडे जावं.)

आता राहिले १ लाख १३ हजार. इथे आपला पहिला प्रश्न परत येतो. हे पैसे चोरले, की बाईंनी दिले?

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला एक परिपत्रक काढलं. ग्राहकाच्या मंजुरीविना झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी किती, हे त्यात आहे. चूक बँकेची असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच ठिकाणी गळती आहे, आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तरी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर मर्यादित जबाबदारी, साध्या बचत खात्याला व्यवहारामागे जास्तीत जास्त दहा हजार. पण ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालं असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. बाईंनी पावणेआठला कळवलं, वेळ हातात आहे, म्हणून बँकेच्या तक्रारीचा तो क्रमांक जपायचा.

बँक म्हणणार, अ‍ॅप तुम्ही टाकलंत, निष्काळजीपणा तुमचा. बाई म्हणणार, मी ओटीपी दिला नाही, एकाही व्यवहाराला मंजुरी दिली नाही. इथे परिपत्रकातलं एक वाक्य बाईंच्या बाजूचं आहे: ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. म्हणून बँकेला लेखी पत्र द्यायचं, त्यात या परिपत्रकाचा उल्लेख करायचा, आणि विचारायचं: पंधरा मिनिटांत तीन मोठे व्यवहार, नव्या खात्यांकडे, एका पेन्शनरच्या खात्यातून, तुमच्या यंत्रणेला खटकले कसे नाहीत? तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनाशुल्क तक्रार करता येते. बाईंना पूर्ण रक्कम मिळेलच असं मी म्हणणार नाही. अशा प्रकरणांत निकाल दोन्ही बाजूंनी लागतात.

आता दुसरं टोक पाहा. ज्याला "डिजिटल अरेस्ट" म्हणतात, त्यात व्हिडिओ कॉलवर खोटे पोलीस तीन दिवस माणसाला घरात बसवून ठेवतात, आणि तो माणूस स्वतः बँकेत जाऊन, स्वतःच्या सहीने, मुदतठेव मोडून आरटीजीएस करतो. आपल्या कायद्यात डिजिटल अरेस्ट असा प्रकारच नाही, पण तो मुद्दा आज बाजूला ठेवू. सही खरी, माणूस खरा. बँकेच्या भाषेत हा व्यवहार ग्राहकाने मंजूर केलेला आहे, म्हणून २०१७ चं परिपत्रक त्याला जवळजवळ उपयोगाचं नाही. फौजदारी कायदा मात्र वेगळं बोलतो. फसवणुकीची व्याख्याच अशी आहे, की खोटं सांगून माणसाला स्वतःच्या हाताने मालमत्ता द्यायला लावणं. म्हणजे एकाच कृतीला बँकेचा नियम संमती म्हणतो आणि न्याय संहिता संमती म्हणत नाही. माझ्या मते न्याय संहितेचं बरोबर आहे. पण माझ्या मताने पैसे परत येत नाहीत, म्हणून तिसरं दार सांगतो, जे फार थोड्यांना माहीत आहे.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खाली प्रत्येक राज्यात एक अभिनिर्णय अधिकारी असतो. राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव हे काम पाहतात. कलम ४३ सारख्या उल्लंघनांबद्दल पाच कोटींपर्यंतच्या भरपाईचा दावा त्यांच्याकडे करता येतो. तिथे भामटा सापडलाच पाहिजे असं नाही, बँकेलाही प्रतिवादी करता येतं. नियमांत चार महिन्यांत, फार तर सहा महिन्यांत निकाल द्यावा असं म्हटलं आहे. प्रत्यक्षात त्यावर फार विसंबू नये. निकाल पटला नाही तर दिल्लीच्या टीडीसॅट या न्यायाधिकरणाकडे अपील.

याचं महाराष्ट्रातलंच उदाहरण आहे. पूना ऑटो अ‍ॅन्सिलरीज ही पुण्याची कंपनी. तिच्या पंजाब नॅशनल बँकेतल्या खात्यातून ८० लाख १० हजार रुपये काढले गेले. कंपनीच्या प्रमुखांनीच एका खोट्या ईमेलला उत्तर दिलं होतं. म्हणजे चूक त्यांचीही होती. २०१३ मध्ये तेव्हाचे माहिती तंत्रज्ञान सचिव राजेश अग्रवाल यांनी बँकेला ४५ लाख द्यायला सांगितलं, कारण पैसे ज्या खोट्या खात्यांत गेले ती उघडताना पुरेशी तपासणी झाली नव्हती. उरलेला भार तक्रारदाराच्या माथी. मला हा निकाल विचार करण्यासारखा वाटतो. "तुझी चूक की माझी" असं एकच उत्तर न मागता तो चुकीची वाटणी करतो. तुम्ही फसलात हे खरं, पण त्या फसवणुकीला खातं कुणी पुरवलं, हाही प्रश्न तितकाच खरा.

(श्रोत्यांतून: सर, माझ्या मेहुण्यांना एका माणसाचा फोन येतो, तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो, दहा टक्के आधी द्या म्हणतो. त्याला तक्रारीचा क्रमांकसुद्धा माहीत आहे.)

देऊ नका. एक रुपया देऊ नका. ज्यांनी पहिल्यांदा फसवलं त्यांच्याकडूनच अशा याद्या पुढे विकल्या जातात. १९३० साठी, संकेतस्थळासाठी, लोकपालासाठी पैसे लागत नाहीत. आणि अडवलेली रक्कम न्यायालयाच्या किंवा पोलिसांच्या मार्गाने थेट तुमच्याच खात्यात येते, मध्ये कुणी हात लावत नाही. तो जो फोन येतो आहे ना, त्याचा नंबर, तारीख, वेळ लिहून ठेवायला सांगा आणि आधीच्या तक्रारीला जोडून तपास अधिकाऱ्याला द्या. हा ६६ ड चा वेगळा प्रयत्न आहे.

(दुसरा प्रश्न: मुलगा अमेरिकेत आहे. भामटा परदेशात असेल तर हा कायदा लागतो का?)

लागतो. कलम ७५ प्रमाणे गुन्हेगार भारताबाहेर असला, कोणत्याही देशाचा नागरिक असला, तरी गुन्ह्यात भारतातला संगणक गुंतलेला असेल तर हा कायदा लागू होतो. माणूस हाती लागणं ही निराळी गोष्ट. पण तुमच्या पैशांचं पहिलं खातं बहुधा भारतातच असतं, आणि १९३० त्या खात्यालाच गाठतो. मुलाने तिथे बसून इथल्या आईची तक्रार भरायला मदत करायला काहीच हरकत नाही, फक्त फोन ज्यांचे पैसे गेले त्यांनी लावावा, कारण खात्याचे प्रश्न त्यांनाच विचारतील.